उसनी उत्तरे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही म्हणालो की, आमच्यापाशी विषय नाही, एक पत्र आहे. आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गाला आम्ही ते लिहिले होते. ते आज येथे वाचून दाखवावे, ते का लिहावे लागले हे सांगावे, आणि वर्गाने आम्हांस काय उत्तर दिले तेही लपवू नये, एवढाच आजचा बेत आहे.

आमचा वर्ग दर रविवारी सकाळी भरतो. निरनिराळ्या कारखान्यांतील कामगार प्रतिनिधी त्यात येतात. कामगार नोकरी सोडतो किंवा निवृत्त होतो, तेव्हा कारखाना त्याच्या हाती शेवटचा हिशेब ठेवतो. त्याला सगळे ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. हा कागद वाचता यावा, त्यातील प्रत्येक आकडा आपल्या हाताने पुन्हा काढून पाहता यावा, एवढ्यासाठी हा वर्ग. गेल्या पावसाळ्यात वर्गाची परीक्षा आम्ही प्रथमच ऑनलाइन घेतली. पाळीचे काम करणाऱ्यांना एका वेळी एका खोलीत बसविणे जमत नाही, म्हणून मोबाइलवर लिंक पाठविली. वीस प्रश्न, शनिवारी रात्रीपासून रविवारी रात्री दहापर्यंत मुदत. ज्याला सोळा गुण मिळतील त्याला प्रमाणपत्र, आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्र त्यालाच हिशेब तपासण्याच्या समितीवर जागा, असा नियम आम्हीच केला होता.

त्यातील अकरावा प्रश्न ग्रॅच्युइटीचा होता. वर्गाचे आम्ही दोन भाग केले होते आणि प्रत्येक भागाला निराळे आकडे दिले होते. पहिल्या भागाला असे: शेवटचे मासिक वेतन १८,२०० रुपये, नोकरी १२ वर्षे ७ महिने, ग्रॅच्युइटी किती? वेतनात काय काय धरावे हा स्वतंत्र धडा आहे, त्यात आज शिरत नाही. हिशेब असा होतो. मासिक वेतनाला २६ ने भागावयाचे, म्हणजे एका दिवसाचे ७०० रुपये आले. वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, म्हणजे १०,५०० रुपये. वर्षे किती? सहा महिन्यांहून जास्त झालेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून तेरा. उत्तर १,३६,५०० रुपये. दुसऱ्या भागाला वेतन १५,६०० आणि नोकरी ९ वर्षे ४ महिने दिली होती. त्यांचे चार महिने सुटतात, आणि उत्तर ८१,००० रुपये येते.

रविवारी रात्री आम्ही उत्तरे पाहावयास बसलो. दुसऱ्या भागातील सहा जणांनी १,३६,५०० हे उत्तर दिले होते. ते बरोबर होते, पण त्यांना न विचारलेल्या प्रश्नाचे! आणि पहिल्या भागातील पाच जणांनी लिहिले होते १,३५,६००. आम्ही हा आकडा कागदावर मांडून पुष्कळ वेळ पाहिला. २६ ऐवजी ३० ने भागले तर १,१८,३०० येतात. सात महिने विसरले तर १,२६,००० येतात. परंतु १,३५,६०० हा आकडा आमच्या ओळखीच्या कोणत्याही चुकीच्या वाटेने येईना. कोणीतरी घाईने टाइप करताना सहा आणि पाच यांची अदलाबदल केली, ते उत्तर ग्रुपवर गेले, आणि पाच जणांनी ते जसेच्या तसे उचलले, एवढाच त्याचा अर्थ होता.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दोघांची चूक एक असली म्हणजे त्यांनी नक्कल केलीच, असे नव्हे. ३० ने भागण्याची चूक दहा जण दहा घरी बसून प्रामाणिकपणे करू शकतात; महिन्याचे दिवस तीसच, असे कोणालाही वाटेल. रात्री पावणेदहाला सात-आठ पत्रिका एकदम आल्या, हाही पुरावा नव्हे. दुसऱ्या पाळीच्या माणसाने आदल्या रात्री उशिरा घरी येऊन दिवसभर झोप आणि घरची कामे उरकली, तर त्याला तीच वेळ मोकळी मिळते. पण ज्या चुकीला वाटच नाही, ती चूक पाच जागी सापडली, तर ती एकाच झाडाची फांदी आहे हे ओळखावयास पंडित लागत नाही.

आम्हांस हे कळले, आणि तरीही आम्ही गप्प बसलो. प्रमाणपत्रे देण्याचा समारंभ ठरला होता, पाहुण्यांना बोलावणे गेले होते. वीस प्रश्नांत एक-दोन इकडेतिकडे, असे मनाला समजावून आम्ही सह्या केल्या. या अपराधाचे धनी आम्ही आहोत.

दिवाळीनंतर एका कारखान्यातून एक बाई निवृत्त झाल्या. पॅकिंगला होत्या. वेतन १४,३०० रुपये, नोकरी १७ वर्षे ८ महिने. कारखान्याच्या कागदावर ग्रॅच्युइटी १,२१,५५० रुपये मांडली होती. बाईंनी तो कागद आमच्या प्रतिनिधीला दाखविला. तो समितीवर होता, त्याला परीक्षेत वीसपैकी एकोणीस गुण होते. त्याने कागद वरून खालपर्यंत पाहिला, गुणाकार मोबाइलवर करून पाहिला, तो जुळला, आणि म्हणाला, “मावशी, बरोबर आहे, करा सही.” बाईंनी सही केली.

तीन आठवड्यांनी तो कागद दुसऱ्याच कामासाठी आमच्या हाती आला. वेतनाला ३० ने भागले होते आणि आठ महिने सोडून दिले होते. २६ ने भागले तर दिवसाचे ५५० रुपये, वर्षाचे ८,२५०, अठरा वर्षांचे १,४८,५००. बाईंना २६,९५० रुपये कमी मिळाले होते. म्हणजे त्यांचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. सही केल्याने हा हक्क बुडत नाही, म्हणून आम्ही पुन्हा हिशेब मांडून अर्ज केला आणि फरक मिळाला. पण त्यांच्या नातीच्या प्रवेशाची तारीख मध्यंतरी निघून गेली होती, आणि ती तारीख काही कोणी अर्ज करून परत आणून दिली नाही.

प्रतिनिधीला आम्ही विचारले, “अरे, सव्वीस का?” तो म्हणाला, “साहेब, परीक्षेत ते उत्तर ग्रुपवर आलं होतं.” त्या रात्री आम्ही पुढील पत्र लिहिले.

“वर्गातील मित्रांनो आणि भगिनींनो,

पावसाळ्यातील परीक्षेत काही जणांनी उत्तरे उसनी घेतली. कोणी घेतली ते आम्हांस ठाऊक आहे, पण या पत्रात कोणाचे नाव नाही आणि पुढेही येणार नाही. आम्ही तेव्हा बोललो नाही, म्हणून नाव घेण्याचा अधिकार आमच्याकडे उरलेला नाही. जे बोलावयाचे आहे ते उत्तराविषयी आहे.

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर चहा गोड होतोच. साखर कोणाच्या घरची हे चहाला कळत नाही. त्याच हिशेबाने तुम्हांला वाटले की, १,३६,५०० हा आकडा कोणी का काढलेला असेना, पत्रिकेत तो गोडच लागणार. पण अकराव्या प्रश्नात आम्हांस तो आकडा नको होता. तो आम्ही प्रश्न लिहितानाच काढून ठेवला होता! ज्याचे उत्तर विचारणाऱ्याजवळ आधीच आहे, असा प्रश्न जगात फक्त परीक्षेत विचारतात. कारण तेथे आकडा ही वस्तू नसते. आकडा काढताना तुमच्या डोक्यात जी खटपट होते, ती वस्तू. उसने घेताना तुम्ही नेमकी तीच वगळली आणि टरफल घरी नेले.

ती खटपट कोणती ते पाहा. हिशेब करणारा पहिल्याच पायरीवर अडखळतो: महिन्याला दिवस तीस, मग भागाकार सव्वीसने का? येथे थांबल्यावाचून त्याला पुढे जाता येत नाही. थांबला की त्याला आठवते की, आठवड्याची सुट्टी सोडली तर महिन्यात कामाचे दिवस सुमारे सव्वीस राहतात, आणि महिन्याचा पगार त्या सव्वीस दिवसांत कमावलेला असतो. म्हणून एका दिवसाची मजुरी काढावयाची तर भागाकार त्यांनीच. हा सव्वीस कोणी सहज दिलेला नाही. १९७२ च्या कायद्यात आरंभी तो स्पष्ट लिहिलेला नव्हता. तीस की सव्वीस, हा तंटा दिग्विजय वुलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८० साली तेथे सव्वीसचा हिशेब टिकला, आणि १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्याच्या शब्दांत आला. १९७२ च्या कायद्याच्या जागी आता सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यातही तोच सव्वीस आहे. ज्याने एकदा ‘सव्वीस का’ म्हणून डोके खाजविले, त्याच्या डोळ्यांपुढे ‘भागिले तीस’ आले की ते खड्यासारखे टोचते. ज्याने १,३६,५०० नुसते उतरविले, त्याला काहीच टोचत नाही. मावशींच्या कागदावरचा गुणाकार अगदी बरोबर होता. चूक भागाकाराच्या आकड्यात होती, आणि तो आकडा तुमच्यातील एकाने कधी पाहिलाच नव्हता.

आता आणखी एक गोष्ट सांगतो, तिने तुम्हांला नवल वाटेल. त्या परीक्षेत चौघांनी १,१८,३०० असे चुकीचे उत्तर दिले. आमच्या दृष्टीने ती चार उत्तरे उसन्या बरोबर उत्तरांपेक्षा मोलाची होती. त्या आकड्यावरून आम्हांस कळले की, तेरा वर्षे त्यांना समजली आहेत, पंधरा दिवस समजले आहेत, फक्त सव्वीस समजलेला नाही. काय शिकवावयाचे ते त्या चुकीने बोट दाखवून सांगितले. उसन्या उत्तराने आम्हांस सांगितले की सगळे समजले आहे, आणि आम्ही तो धडा पुन्हा घेतला नाही. म्हणजे नक्कल करणाराने स्वतःलाच फसविले असे नव्हे. जे प्रामाणिकपणे चुकले, त्यांचाही धडा त्याने हिरावला.

तुम्ही म्हणाल, उत्तर पाहिल्यावर आम्हांला ते समजले होते. वाटले असेल, यात शंका नाही. दुसऱ्याने सोडविलेला हिशेब वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते. पण पटणे निराळे आणि कोऱ्या कागदावर पहिली ओळ स्वतः लिहिणे निराळे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात अर्नल्ड ग्लास आणि मेंगशुए कांग यांनी अकरा वर्षांच्या वर्गांचा अभ्यास करून तो २०२० साली प्रसिद्ध केला. विद्यार्थी घरी ऑनलाइन प्रश्न सोडवीत, आणि पुढे परीक्षेत त्याच विषयावर त्यांना विचारले जाई. घरच्या प्रश्नांत चांगले गुण आणि परीक्षेत मात्र त्याहून कमी, असे विद्यार्थी २००८ साली शंभरांत १४ होते, २०१७ साली ५५ झाले. शोधून उतरविलेले उत्तर बरोबर असते, गुण मिळतात, पण प्रश्न आणि उत्तर दोन्ही लवकर पुसली जातात, हे त्यांनी त्याचे कारण मानले. तेथील मुलांपुढे परीक्षेचा कागद आला. तुमच्यापुढे मावशींचा आला.

तर मग कोणाला विचारावयाचेच नाही का? अवश्य विचारा. आम्ही स्वतः विचारूनच शिकलो. तरुणपणी आमच्या खात्यात एक वयस्कर हिशेबनीस होते. ओव्हरटाइमचा आकडा विचारला की ते कधी आकडा सांगत नसत. पगाराची चिठ्ठी उलटी करून कोऱ्या बाजूवर म्हणत, ‘तू मांड, अडशील तेथे मी आहे.’ विचारणे आणि उसने घेणे यांतील फरक तेवढाच आहे. ‘किती आले?’ असे विचारले की उसनवारी झाली. ‘तू हा आकडा का घेतलास?’ असे विचारले की शिकणे झाले. आणि शिकलो की नाही हे ओळखण्याची खूणही सोपी आहे. समजावून घेतल्यावर तो कागद मिटा, आकडे बदला, आणि हिशेब एकट्याने पुन्हा करा. १८,२०० च्या जागी १६,९०० घ्या, १२ वर्षे ७ महिन्यांच्या जागी ८ वर्षे ५ महिने घ्या. ७८,००० आले तर ते ज्ञान तुमचे. नाही आले, तर ते अजून शेजाऱ्याचे आहे.

परीक्षा पुन्हा होईल. आधीची प्रमाणपत्रे, आमच्या सहीसकट, आम्ही रद्द समजत आहोत.

तुमचे, वर्गाचे शिक्षक.”

पत्र येथे संपले. पुढच्या रविवारी ते वर्गात वाचले, तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरील एक भगिनी उठल्या. त्या म्हणाल्या, “दादा, पत्र खरं आहे, पण अर्धंच आहे. सोळा गुण नसतील तर समितीवर जागा नाही, हा नियम कुणी केला? आमच्या खात्यातून बाई म्हणून मी एकटी. मी नापास झाले असते तर आमच्या बायकांचा कागद बघायला कोण होतं? चुकायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. मी उत्तर घेतलं. शिकायचं नव्हतं म्हणून नाही. चुकायची भीती होती म्हणून.”

श्रोतेहो, या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या दारांत उभे राहून सांगत आलो की, नगावर पैसे ठेवले की माणूस नग मोजतो, काम पाहत नाही. आणि आमच्याच वर्गात आम्ही शिकण्याला नगावर लावले होते. एक प्रश्न, एक नग; सोळा नग भरले की दार उघडले. उत्तर उसने घेणे चूकच. पत्रातील एक शब्दही आम्ही मागे घेत नाही. परंतु ज्या परीक्षेत एकदाच संधी, सर्व गुण आकड्याला आणि वाटेला शून्य, ती परीक्षा उसनवारीला आमंत्रण देते. आमंत्रण देणारानेच जेवणाऱ्यावर रागवावे, हा न्याय नव्हे.

म्हणून वर्गाने बसून व्यवस्था बदलली. मोबाइलवरील परीक्षा आम्ही मोडली नाही. पाळीच्या माणसाला तीच सोयीची आहे. पण तिचे गुण आता कशालाच लागत नाहीत. ती फक्त कोण कोठे अडतो हे पाहण्यासाठी. वाटेल तितक्या वेळा द्यावी, दर वेळी आकडे निराळे असतात. आणि उत्तराबरोबर आपल्या हाताने मांडलेल्या हिशेबाचा फोटो जोडावा लागतो, खाडाखोडीसकट. समितीवर जावयाचे असेल तर रविवारी फळ्यापाशी यावे. एक खराखुरा हिशेबाचा कागद, त्यावरील नाव झाकून, हाती दिला जातो. त्यात कधी चूक असते, कधी नसते. पाच मिनिटांत तो तपासून ‘हे असे का’ म्हणून वर्ग विचारील त्याला उत्तर द्यावयाचे. नाही जमले तर पुढच्या रविवारी पुन्हा. मोबाइल जवळ ठेवावयास हरकत नाही; गुणाकार त्यावर खुशाल करावा. ‘का’ त्यावर उसना घेऊन फळ्यापाशी फार वेळ उभे राहता येत नाही, हे दोन-तीन प्रश्नांतच कळून येते.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. चौतीस जणांना फळ्यापाशी आणावयास आम्हांस पाच रविवार लागले. ज्या शाळेत एका वर्गात साठ मुले आणि एक शिक्षक, तेथे हे असेच्या असे चालणार नाही. हाताने मांडलेला हिशेबही कोणी दुसऱ्याचा पाहून उतरवू शकतो, आणि एकाने तसे केलेही. पण आता त्याला त्यातून काही मिळत नाही, म्हणून पुन्हा केले नाही.

ज्याने मावशींना सही करावयास सांगितले तो प्रतिनिधी तिसऱ्या रविवारी फळ्यापाशी आला. त्याला दिलेल्या कागदात भागाकार २६ नेच होता आणि वर्षेही बरोबर होती. तो कागद पाहत राहिला, एक-दोनदा पुसून पुन्हा मांडले, आणि म्हणाला, “यात चूक नाही.” वर्गाने विचारले, कशावरून? त्याने सव्वीस समजावून सांगितला, सहा महिन्यांचा नियम सांगितला, आणि शेवटी आपणहून म्हणाला, “मागल्या वेळी मी बरोबर म्हणालो होतो, पण मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे.” त्यानंतर तो त्याच आठवड्यात मावशींच्या घरी जाऊन आला. तेथे काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुले मोबाइलवर परीक्षा देतात. निकाल आला की आपण विचारतो, “किती मिळाले?” त्या ऐवजी एक गणित उचलून, त्याचे आकडे बदलून, पाटीवर मांडावयास सांगावे, आणि मुलगा चुकला तर ओरडू नये. आम्ही चुकीला जागा ठेवली नाही, त्याची किंमत आमच्याऐवजी एका निवृत्त बाईंनी भरली. एवढे कबूल करून आम्ही आपली रजा घेतो.